रिव्हिजनमध्ये नावांचा क्रम बदलला, आता सरांशी बोलायचं कसं?

मॅडम, माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. पाण्यातलं फॉस्फेट शोषून घेणारं एक मटेरियल मी तयार केलं, दोन वर्षं त्यावर प्रयोग केले आणि पेपरचा पहिला मसुदाही लिहिला. जर्नलला पाठवला तेव्हा पहिलं नाव माझं, शेवटचं सरांचं आणि मध्ये आमच्या लॅबमधल्या पोस्टडॉकचं होतं. मेजर रिव्हिजन आली तेव्हा मी सेमिनारच्या तयारीत होते, म्हणून सरांनी दुरुस्तीचं बरंचसं काम पोस्टडॉककडे दिलं. परवा सुधारित फाइल आली. तिच्यात पोस्टडॉकचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. विचारलं तर सर घाईत एवढंच म्हणाले, "पेपर त्यांनी वाचवला." थिसिस जमा करायला पहिल्या नावाचा एक पेपर लागतो आणि मी हाच धरला होता. रिव्हिजन पाठवायला अठरा दिवस उरलेत. सर वाईट नाहीत, पण त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. थेट संपादकांना लिहू का? दोन्ही मसुदे आणि रिव्ह्यूअर्सचे शेरे सोबत जोडले आहेत.
— एक संशोधक विद्यार्थिनी

संपादकांना आत्ता लिहू नकोस. नावांचा क्रम ठरवणं हे संपादकांचं काम नाही आणि ते ठरवणारही नाहीत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, हिचे नियम इतर विषयांतली पुष्कळ जर्नलंही मानतात. त्यांत स्पष्ट लिहिलंय की लेखकांमधल्या वादाचा निवाडा संपादकाने करायचा नाही. लेखकांचं आपसात जमलं नाही, तर काम जिथे झालं त्या संस्थेने चौकशी करावी. म्हणजे तुझं पत्र पोचलं की संपादक पेपर बाजूला ठेवतील, सगळ्या लेखकांना "आधी आपसात मिटवा" असं कळवतील आणि तू सरांशी एक शब्दही न बोलता बाहेर तक्रार केलीस हे सरांना त्या ई-मेलमधून कळेल. प्रश्न जिथल्या तिथेच राहील आणि बोलण्याची वाट मात्र अवघड होऊन बसेल.

पण याच नियमांची दुसरी बाजू तुझ्या कामाची आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. पेपर आधी एका क्रमाने जमा झालाय. जमा झाल्यानंतर लेखकांची नावं किंवा त्यांचा क्रम बदलायचा असेल, तर बहुतेक जर्नलं कारण विचारतात आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, काही ठिकाणी सगळ्यांचे ई-मेल लागतात. प्रकाशनातल्या नीतीचे प्रश्न पाहणारी कोप नावाची जी संस्था आहे, तिनेही संपादकांना हीच पद्धत आखून दिली आहे. तेव्हा हा बदल तुझ्या सहीवाचून सरळपणे होणारा नाही. ही गोष्ट मनाशी ठेव, म्हणजे सरांच्या खोलीत जाताना पाय लटपटणार नाहीत. पहिल्या भेटीत मात्र ती काढायची नाही. "माझ्या सहीशिवाय तुम्हाला करताच येणार नाही" हे वाक्य खरं असलं तरी त्यानंतर सर तुझ्या कामाचा विचार करणार नाहीत, तुझ्या उद्धटपणाचा करतील.

आता सरांच्या त्या वाक्याकडे येऊ. मी वीसेक वर्षं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आणि हेच वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे. गाइडला पेपर कसा दिसतो, ते समजून घे. तुझी दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांआड गेली. फसलेल्या बॅचेस, मध्यरात्री घेतलेले नमुने, कॅलिब्रेशन बिघडलं म्हणून पुन्हा केलेला अख्खा आठवडा, यांतलं त्यांनी काही पाहिलं नाही. त्यांना दिसले ते तयार आलेख. रिव्हिजनचे सहा आठवडे मात्र रोज त्यांच्या समोर होते. रिव्ह्यूअरचा कडक शेरा, पेपर हातचा जाईल ही धास्ती, आणि रोज संध्याकाळी नवा आलेख घेऊन येणारा पोस्टडॉक. माणसाला शेवटचं संकट आणि त्यातून सोडवणारा माणूस लक्षात राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत माझं नेमकं हेच झालं होतं. ती एक कागद घेऊन आली, तो वाचल्यावर मी क्रम पूर्वीसारखा केला. तो कागद कसा होता ते सांगते, कारण तुलाही तसाच करायचा आहे.

"मी दोन वर्षं राबले" हा मुद्दा त्या कागदावर नव्हता. महिने मोजून श्रेय ठरत नाही. सरांना तो मुद्दा तक्रारीसारखा ऐकू येईल, आणि पोस्टडॉकने सहा आठवड्यांत जे केलं ते तू कमी लेखतेयस असंही वाटेल. तिने पेपरचा सारांश घेतला होता. त्यातलं एकेक वाक्य सुटं करून समोर लिहिलं होतं, की हे विधान कोणत्या आलेखावर उभं आहे, त्या आलेखाचा मूळ डेटा कोणत्या वहीत आणि कोणत्या तारखांचा आहे, त्याचं विश्लेषण कोणी केलं आणि त्याचा अर्थ प्रथम कोणी लावला. सारांश म्हणजे पेपर जगाला काय सांगतो त्याचा अर्क. ज्याच्या कामावर ती वाक्यं उभी आहेत, त्याचा पेपर. नावांचा क्रम यावर ठरतो, भावनांवर नाही.

तू पाठवलेल्या सुधारित सारांशात सहा वाक्यं आहेत. पहिलं प्रास्ताविकाचं, ते सोडून देऊ. दुसरं सांगतं की मटेरियल कसं तयार केलं. ते पूर्ण तुझं, आणि मटेरियलची कल्पना तुझ्या पहिल्या वर्षाच्या प्रस्तावात होती, म्हणून तो प्रस्ताव तारखेसह जोड. तिसरं सांगतं की कोणत्या पीएचला किती फॉस्फेट शोषलं जातं. हे प्रयोगही तुझे, आणि रिव्हिजनमध्ये त्यांना कोणी हात लावलेला नाही. सहावं वाक्य, तेच मटेरियल धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतं हे सांगणारं, तेही तुझंच.

चौथ्या आणि पाचव्या वाक्यापाशी मात्र तुला थांबून प्रामाणिकपणे बघावं लागेल. चौथं वाक्य शोषणाच्या वेगाबद्दल आहे. पहिल्या मसुद्यात तू समीकरण सरळ रेषेत बसवलं होतंस आणि रिव्ह्यूअरने त्यावर बोट ठेवलं. त्याचं बरोबर होतं. त्या पद्धतीत वेळ दोन्ही अक्षांवर येते, त्यामुळे रेषा जवळपास नेहमीच सुरेख दिसते आणि मॉडेल खरंच जुळतंय की नाही ते कळत नाही. पोस्टडॉकने तुझाच डेटा घेऊन मूळ वक्र समीकरण बसवलं आणि वेगाचे आकडे सुधारले. म्हणजे प्रयोग तुझे, विश्लेषण त्यांचं, आणि निष्कर्षाची दिशा तीच राहिली. कागदावर हे असंच लिही. "डेटा माझा आहे" एवढंच लिहून हे वाक्य स्वतःच्या खात्यात घालू नकोस.

पाचवं वाक्य सगळ्यात वजनदार आहे, कारण रिव्हिजनमध्ये पेपरचं म्हणणं बदललं ते इथे. तुझ्या मसुद्यात फॉस्फेट विद्युतभाराच्या ओढीने चिकटतं असं होतं. आता पेपर म्हणतो की ते पृष्ठभागावरच्या धातूशी थेट रासायनिक बंध बांधतं. हे पोस्टडॉकने एक्सपीएस या पृष्ठभाग तपासणाऱ्या तंत्राच्या मोजमापांवरून दाखवलं, नमुने स्वतः मोजून घेतले आणि चर्चेचा भाग नव्याने लिहिला. हे खरं, बौद्धिक योगदान आहे. ते मान्य करताना तुला त्रास होईल, पण मान्य कर. तरीही एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटलेली दिसते. तुझ्या जुन्या पुरवणी फाइलमध्ये मिठाचा प्रयोग आहे. पाण्यात मीठ वाढवत नेलं तरी शोषण कमी झालं नाही, असा. नुसती विद्युतभाराची ओढ असती तर मिठाचे आयन आड आले असते आणि शोषण घसरलं असतं. तुझ्याच प्रयोगात नव्या निष्कर्षाचा पुरावा आधीपासून पडून होता, फक्त तू त्याचा अर्थ लावला नाहीस. सुधारित पेपरमध्ये हा आलेख पुरवणीतून उचलून मुख्य भागात आणलाय, आणि पाचवं वाक्य आता एक्सपीएस आणि मिठाचा प्रयोग या दोन पायांवर उभं आहे. म्हणून ते दोघांचं.

आता कागदावर काय दिसतं? पाच विधानांपैकी तीन संपूर्ण तुझी, दोन वाटून. शिवाय मूळ कल्पना, प्रयोगांची आखणी आणि पहिला मसुदा तुझा. माझ्या मते पहिलं नाव तुझंच असायला हवं. पण पोस्टडॉकचं स्थान पहिल्या मसुद्यात होतं त्यापेक्षा आता नक्कीच भक्कम झालंय. ही दुसरी गोष्ट तू स्वतःहून बोलून दाखवलीस, तर पहिली गोष्ट सर शांतपणे ऐकतील.

हा कागद एका पानापेक्षा मोठा नको. त्यात एकही विशेषण नको. योगदानाला नावं देताना स्वतःचे शब्द बनवू नकोस, बहुतेक जर्नलं आता क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी वापरतात, तिच्यातल्याच भूमिका घे. संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा, संपादन, मार्गदर्शन, निधी मिळवणं अशा त्या भूमिका आहेत. ही यादी क्रम ठरवत नाही, पण कोणी काय केलं हे एका भाषेत मांडते. सुधारित पेपरसोबत हे निवेदन जर्नलला द्यावंच लागण्याची शक्यता आहे, त्यामुळे "निवेदनाचा मसुदा मी केलाय, एकदा बघता का" असं म्हणून तो कागद सरांसमोर ठेवता येतो. वाद घालायला आलेय असं न वाटता विषय टेबलावर येतो.

सरांचं नाव शेवटी आहे आणि पत्रव्यवहाराचे लेखक तेच आहेत, यात काही वावगं नाही. तुमच्या विषयात शेवटचं नाव गटप्रमुखाचं मानलं जातं. तो मुद्दा काढूच नकोस. गणितात किंवा अर्थशास्त्रात असतीस तर बहुधा हा प्रश्नच पडला नसता, कारण तिथे नावं पुष्कळदा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. प्रत्येक विषयाचा रिवाज वेगळा, म्हणून दुसऱ्या विभागातल्या मैत्रिणीचा सल्ला इथे घेऊ नकोस.

भेट मागताना विषय सांग. "सर, पेपरच्या योगदान-निवेदनाबद्दल आणि नावांच्या क्रमाबद्दल वीस मिनिटं हवी होती, या आठवड्यात कधी येऊ?" असा दोन ओळींचा ई-मेल पुरे. विषय लपवून गेलीस आणि तिथे अचानक काढलास तर सर बचावात जातील. अठरा दिवस आहेत, तर पहिल्या तीन-चार दिवसांत भेट घे, कारण सरांना विचार करायला वेळ मिळायला हवा. लॅब मीटिंगमध्ये नको, कॉरिडॉरमध्ये नको, मोबाइलवरच्या मेसेजमध्ये तर नकोच. पोस्टडॉकशी आधी बोलावं का, हाही प्रश्न मनात येईल. मी आधी सरांशीच बोलेन. क्रम सरांनी बदललाय, कदाचित पोस्टडॉकने मागितलेलाही नसेल, आणि त्यांना आधी गाठलंस तर ते अडचणीत येतील.

खोलीत गेल्यावर सुरुवात प्रश्नाने कर आणि प्रश्न खरा असू दे. "सर, पाठवला तेव्हा माझं नाव पहिलं होतं, आता दुसरं आहे. बदलामागचा तुमचा विचार मला समजून घ्यायचाय." मग गप्प बस. ही शांतता तुला असह्य होईल, पण ती भरून काढायला तू काही बोलू नकोस, सरांना बोलू दे. त्यांचं बोलून झाल्यावर म्हण, "एक्सपीएसमुळे आणि नव्या विश्लेषणामुळे पेपर खूप सुधारला, ते मलाही मान्य आहे. मी सारांशातलं प्रत्येक विधान घेऊन कोणाचं काय काम आहे ते मांडलंय. हे बघून मला वाटतं की पहिलं नाव माझं राहावं. तुम्हाला यात काही चुकलेलं दिसतं का?" आणि कागद पुढे कर. अन्याय, हक्क, चोरी हे शब्द या भेटीत उच्चारू नकोस. तुला ते वाटत असतील आणि वाटण्यात चूक नाही, पण त्या शब्दांनी सर स्वतःच्या चारित्र्याचा बचाव करू लागतील आणि कागद बाजूला राहील.

त्यांची काही उत्तरं मला आत्ताच ऐकू येतात. "त्यांना नोकरीसाठी पहिल्या नावाच्या पेपरची गरज आहे, तुझ्याकडे अजून वेळ आहे." हे पुष्कळ गाइड अगदी सद्भावनेने म्हणतात. त्यावर शांतपणे एवढंच सांग की गरज मलाही आहे, थिसिस याच पेपरवर अडलाय, म्हणून गरजेवर न जाता आपण कामावर जाऊ या. चौदा भूमिकांत 'गरज' नावाची भूमिका नाही. दुसरं उत्तर येईल, "पुढच्या पेपरला तुझं नाव पहिलं ठेवू." पुढच्या पेपरमध्ये कोणी किती काम केलं असेल ते आज कोणालाच माहीत नाही, आणि जिथे तू काम केलेलं नसेल तिथलं पहिलं नाव तुला घ्यावंसं वाटू नये. म्हण, "पुढचा पेपर त्या वेळी बघू सर, या पेपरचं याच पेपरवर ठरवू या." तिसरं, "मजकूर जवळजवळ सगळा त्यांनी नव्याने लिहिलाय." इथे दोन्ही मसुदे वर्डमध्ये तुलना करून नेलेस तर उपयोग होईल. प्रास्ताविक, पद्धती आणि निकालांचा बराच भाग तुझाच राहिलाय, बदल चर्चेत एकवटलेत. मी दोन्ही वाचून पाहिलेत, म्हणून खात्रीने सांगते.

आणि सर असंही म्हणू शकतात की कल्पना मुळात माझी होती, तू फक्त हात चालवलेस. हे सगळ्यात लागणारं उत्तर. तेव्हा पहिल्या वर्षाचा प्रस्ताव आणि त्यावरचे सरांचे शेरे बाहेर काढ. कल्पना खरंच त्यांची असेल तर ते मान्य कर, पण प्रयोग आखणं, डेटा मिळवणं आणि पहिला मसुदा लिहिणं हे कोणत्याही निकषाने 'हात चालवणं' नाही. आयसीएमजेईच्या निकषांत कामाची आखणी किंवा डेटा मिळवणं, त्याचं विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांतलं भरीव योगदान, मजकूर लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं, हे चारही एकत्र लागतात. नुसतं निधी मिळवणं किंवा गटावर देखरेख ठेवणं लेखक व्हायला पुरत नाही. तुझ्या सरांनी त्याहून अधिक केलंय, त्यांचं लेखकपद निर्विवाद आहे. मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की 'लेखक कोण' आणि 'क्रम कोणता' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला लिखित निकष आहेत. दुसऱ्याला नाहीत, तो लेखकांनी मिळून ठरवायचा असतो. म्हणून नियमाचा कागद दाखवून क्रम बदलून मिळेल अशी आशा धरू नकोस. एक आधार मात्र तुझ्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे एपीएच्या, आचारसंहितेत म्हटलंय की विद्यार्थ्याच्या पीएचडी प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या लेखात, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, तोच मुख्य लेखक असावा. तुमचा विषय वेगळा असल्याने ते तुम्हाला बंधनकारक नाही. पण दुसऱ्या भेटीची वेळ आली तर ते सांगता येईल.

भेटीच्याच दिवशी संध्याकाळी सरांना छोटा ई-मेल कर. तक्रारीचा नको, नोंदीचा. "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. आपलं असं बोलणं झालं की तुम्ही योगदानाचा कागद बघून शुक्रवारपर्यंत क्रमाबद्दल सांगाल. तोवर फाइल जमा करायची नाही असं ठरलं. माझ्या ऐकण्यात काही चूक असेल तर सांगा." पुढे कधी संस्थेत हा विषय गेलाच, तर या दोन-चार ओळींना मोल येईल. पण त्याहून मोठा फायदा असा की सरांच्याही मनात ठरलेलं पक्कं होतं.

आता तडजोडीचं. भेटीआधीच मनाशी ठरव की काय चालेल आणि काय चालणार नाही. मला यात एक वाट सगळ्यांना न्याय देणारी दिसते. तुझं नाव पहिलं, पोस्टडॉकचं दुसरं, आणि दोघांच्या नावांवर खूण करून तळटीप, की या दोघांचं योगदान समान आहे. पाचव्या वाक्याचं वजन पाहता त्यांना हे मिळायला हरकत नाही, आणि हा प्रस्ताव तुझ्याकडून यावा. पण तो मांडण्याआधी एक काम कर. थिसिसच्या नियमात 'पहिला लेखक' याचा अर्थ काय धरतात ते तुमच्या शैक्षणिक कार्यालयाला ई-मेलने विचार आणि लेखी उत्तर घे. सामायिक पहिलं नाव काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी फक्त छापील पहिलं नावच मोजतात, काही ठिकाणी नियम यावर गप्प असतो. उलट क्रमाने, म्हणजे त्यांचं पहिलं, तुझं दुसरं आणि समान योगदानाची टीप, असं सरांनी सुचवलं तर तो पर्याय तुला चालतो की नाही हे या उत्तरावर ठरेल. तिथल्या तिथे "हो सर" म्हणून टाकलंस आणि मग कार्यालयाने नाही म्हटलं, तर परत फिरणं फार अवघड जातं.

दुसरी वाट म्हणजे एक्सपीएसचं काम वाढवून त्याचा वेगळा पेपर करणं, ज्यात पोस्टडॉक पहिले असतील. पण रिव्ह्यूअरने बंधाचा पुरावा याच पेपरमध्ये मागितलाय, तो काढून घेतला तर पेपर नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे सरांनी ही वाट सुचवली तरी मला ती पटत नाही.

शुक्रवारपर्यंत काहीच ठरलं नाही, तर तिघांनी एकत्र बसावं असं सुचव. तेही फसलं, तर तुझ्या संशोधन सल्लागार समितीतला एखादा सदस्य गाठ, ज्याला विषय कळतो आणि ज्याच्याशी सरांचे संबंध बरे आहेत. त्याच्याकडे निवाडा मागू नकोस. "आमच्या बैठकीत तुम्ही बसाल का" एवढंच विचार. आणि सरांना आधी सांगून कर, पाठीमागून नको. त्यापुढे विभागप्रमुख, आणि मग संस्थेतलं संशोधन-नीतीचं कार्यालय किंवा तक्रार ऐकणारा अधिकारी, जे असेल ते. मुदत आडवी येत असेल तर सरांनी संपादकांकडे थोडी वाढ मागावी. दोन-तीन आठवड्यांची वाढ मागणं सामान्य गोष्ट आहे आणि त्या पत्रात वादाचा उल्लेख लागत नाही.

या काळात काही गोष्टी अजिबात करू नकोस, कारण त्यांनी तुझी बरोबर असलेली बाजूही चुकीची ठरेल. मूळ डेटा अडवून ठेवू नकोस, फाइली हलवू नकोस, वह्या घरी नेऊ नकोस. तो डेटा बहुतेक संस्थांत संस्थेचा मानला जातो. वह्यांच्या संबंधित पानांची छायाचित्रं मात्र नियमांत बसत असेल तर घेऊन ठेव. पेपर स्वतःच्या नावाने प्रीप्रिंटवर टाकू नकोस, दुसऱ्या जर्नलला तर मुळीच पाठवू नकोस. सहलेखकांच्या संमतीशिवाय असं केलंस तर तो गैरप्रकार तुझ्या नावावर लागेल.

मी तुझ्यापासून हेही लपवणार नाही, की सरांच्या हातात तुझ्या थिसिसची सही आहे आणि पुढची शिफारसपत्रंही. कधी कधी विद्यार्थी सगळं नीट करूनही दुसऱ्या नावावर थांबतो, आणि तो त्याचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो. तुझ्यावर ती वेळ आली, तर दोन गोष्टींवर पाणी सोडू नकोस. पेपरच्या योगदान-निवेदनात संकल्पना, प्रयोग आणि पहिला मसुदा यांपुढे तुझं नाव असलंच पाहिजे. आणि थिसिसच्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीला कोणी काय केलं याची सरांनी वाचलेली नोंद असली पाहिजे.

संपादकांना लिहिण्याची वेळ मला एकाच परिस्थितीत येताना दिसते. तुझ्या संमतीशिवाय नवा क्रम जमा झाला तर. तसं झालं की जर्नलच्या सिस्टिमकडून सगळ्या लेखकांना सूचना येऊ शकते, किंवा क्रम बदलल्याचा फॉर्म तुझ्यापुढे येईल. रोज ई-मेल बघ, स्पॅमचा फोल्डरही बघ, कारण काही सूचनांमध्ये 'ठराविक दिवसांत हरकत नसेल तर संमती समजू' असं असतं. फॉर्मवर सही करू नकोस आणि तो दाबूनही ठेवू नकोस. आधी सरांना कळव, "सर, फॉर्म आलाय, क्रमाबद्दल आपलं बोलणं पूर्ण व्हायचंय, म्हणून मी आत्ता सही करत नाहीये." दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर संपादकांना सरांना प्रत ठेवून एवढंच लिही: "लेखकांच्या नव्या क्रमाला मी अद्याप संमती दिलेली नाही. सहलेखकांशी चर्चा चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत हस्तलिखित थांबवावं ही विनंती." कोणावर आरोप नको, तुझी बाजू नको, कागद जोडायला नको. तो कागद सरांसाठी आहे. आज रात्री सारांशातल्या दुसऱ्या वाक्यापासून लिहायला घे, पहिल्या वर्षाचा प्रस्ताव शोधायला तुला वेळ लागेल.